निळ्या झाडाचा डबा

मुंबईच्या चोरबाजारातल्या जुन्या वस्तूंच्या एका दुकानात एक बाई मोबाइलवरचा फोटो दाखवत होत्या. माळ्यावर सापडलेला पत्र्याचा डबा. पांढुरका, आणि त्यावर निळसर झाड. "खोबरेल तेलाचाच ना, काका?"

दुकानदाराने फोटो मोठा केला. झाड माडाचं नव्हे, ताडासारखं होतं. "ताई, हा डबा उन्हात असायचा का?" खिडकीत, वर्षानुवर्षं, असं उत्तर आलं.

पत्र्यावरच्या छपाईत ऊन लागलं की बहुधा पिवळा आणि लाल रंग आधी उडतात, निळा-काळा टिकतो. हिरव्यातला पिवळा गेला की झाड निळं दिसू लागतं. म्हणून त्यांनी बाईंना झाकण काढून, त्याखाली दडलेल्या कडेचा फोटो सावलीत घ्यायला सांगितलं. फ्लॅश नको, चकाकीत अक्षरं बुडतात.

दुसऱ्या दिवशी फोटो आला. कडेला पिवळाधमक पट्टा! पिवळ्यावर हिरवं ताडाचं झाड म्हणजे 1937 साली बाजारात आलेला डालडा, वनस्पती तूप. तळाशी वजन पौंडात होतं. दशमान वजनांचा कायदा 1956 चा आणि किलो रुळायला पुढे काही वर्षं गेली. तेव्हा डबा साठीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचा असावा. नेमकं साल मात्र फोटोवरून सांगता येत नाही, आणि हल्ली जुन्यासारखे नवे डबेही निघतात.

"घासून ठेवू का?" बाईंनी विचारलं.

"अजिबात नको. उरलेली अक्षरंही जातील. कोरड्या फडक्याने पुसा, बस्स."