नसबंदीच्या ऑपरेशनचा खर्च आरोग्य विम्यातून मिळतो का?

सिझेरियनच्या वेळीच अनेक जणी मुलं बंद करण्याचं ऑपरेशनही करून घेतात. पॉलिसीत प्रसूतीचा खर्च मिळत असेल, तर याचाही मिळेल असं घरच्यांना वाटतं. पण बहुतेक पॉलिसींमध्ये तो मिळत नाही.

कारण काय?

विमा नियामक आयआरडीएआयनं 2019 मध्ये कोणते खर्च वगळता येतात, याची ठरावीक भाषा आखून दिली. पॉलिसीत Excl17 हा कोड दिसला, तर गर्भनिरोधनाचे सगळे उपाय, नसबंदी, नसबंदी उलटवण्याचं ऑपरेशन, आयव्हीएफ आणि सरोगसी यांचा खर्च मिळत नाही. तांबी आणि पुरुष नसबंदीही त्यातच आली. काही कंपन्या किंवा नोकरीतल्या ग्रुप पॉलिसी यातला काही खर्च देतात, पण तसं पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं.

क्लेममध्ये काय होतं?

समजा, प्रसूतीसाठी 75 हजारांची मर्यादा आहे. बिल 80 हजारांचं आलं आणि त्यात नसबंदीचे 12 हजार आहेत. कंपनी आधी हे 12 हजार वजा करते. उरलेले 68 हजार मर्यादेत बसतात, म्हणून ते मिळतात. मर्यादेत सात हजार शिल्लक असले, तरी ते नसबंदीसाठी वापरता येत नाहीत. हॉस्पिटलनं दोन्हींचं एकच पॅकेज लावलं असेल, तर कोणत्या ऑपरेशनचे किती यावरून वाद होतो. त्यामुळे खर्चाची फोड ऑपरेशनआधीच लेखी मागून घ्यावी.

मग मिळतं काय?

ऑपरेशन कशासाठी झालं, हे इथं महत्त्वाचं ठरतं. फायब्रॉइडमुळे गर्भाशय काढलं, तर पुढे मूल होत नाही, पण तो आजारावरचा उपचार आहे. प्रतीक्षा काळ संपला असेल, तर त्याचा क्लेम करता येतो. नसबंदीनंतरही कधीकधी गर्भ नलिकेत राहतो. प्रसूतीचा खर्च वगळणाऱ्या Excl18 या कलमातून असा गर्भ वगळलेला आहे, म्हणजे त्याच्या उपचाराचा खर्च मिळू शकतो.

ऑपरेशन फसलं तर?

सरकारी रुग्णालयात नसबंदी मोफत होते. तिथे किंवा सरकारमान्य खासगी रुग्णालयात केलेली नसबंदी फसली, गुंतागुंत झाली किंवा मृत्यू झाला, तर सरकारच्या कुटुंब नियोजन नुकसानभरपाई योजनेतून रक्कम मिळते. त्यासाठी घटनेपासून 90 दिवसांत अर्ज करावा लागतो.

अर्जासाठी संमतीपत्र आणि नसबंदीचं प्रमाणपत्र जपून ठेवावं. पुरुषांना हे प्रमाणपत्र ऑपरेशननंतर लगेच मिळत नाही. तीन महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू नसल्याचं दिसलं, की मगच ते दिलं जातं. ही तपासणी अनेक जण टाळतात, आणि नंतर गर्भ राहिला तर हातात प्रमाणपत्रच नसतं.