आजीची किंमत शंभर बिस्किटं

पडद्यावर एक भलंमोठं बिस्किट असतं. त्यावर बोट टेकवलं की एक बिस्किट जमा होतं. पंधरा जमली की एक कर्सर विकत घेता येतो आणि तो दर दहा सेकंदांनी आपणहून एक टिचकी मारतो. शंभर जमली की आजी घेता येते. हो, आजी. ती सेकंदाला एक बिस्किट भाजते. पुढे शेत, खाण, कारखाना, बँक, देऊळ असं करत मामला मांत्रिकाच्या मनोऱ्यापर्यंत जातो. खेळ एवढाच. हरायची सोय नाही आणि जिंकायचीही नाही. ‘ऑर्टेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्युलियाँ तियेनो या फ्रेंच प्रोग्रामरने २०१३ साली ‘कुकी क्लिकर’ लिहिला आणि लोक तासन्‌तास आकडा वाढताना बघत बसले. अशा खेळांना आयडल गेम म्हणतात, कारण आपण जेवायला गेलो तरी ते चालूच राहतात.

माझ्या भाच्याने कॉलेजच्या प्रकल्पासाठी अशाच धर्तीवर चहाचा खेळ केला. आधी स्टोव्ह, मग टपरी, मग हॉटेल, अशा बारा पायऱ्या. कोट्यवधी कप उकळत होते. तरी त्याचे मित्र अर्ध्या तासात फोन बाजूला ठेवत होते. “मावशी, आकडे तर कुकी क्लिकरपेक्षा भराभर वाढतायत, मग लोक कंटाळतात कशाला?” असं विचारत तो माझ्याकडे आला. मला खेळांतलं फारसं कळत नाही, पण हिशेबाचे तक्ते मांडण्यात माझी हयात गेली आहे. म्हटलं, आधी ज्याचा चालला त्याचा हिशेब मांडू.

कुकी क्लिकरमध्ये कुठलीही वस्तू घेतली की त्याच वस्तूचा पुढचा नग पंधरा टक्क्यांनी महागतो. पहिली आजी १००ला, दुसरी ११५ला, तिसरी साधारण १३२ला. हे चक्रवाढ व्याज झालं. दर पाच खरेद्यांमागे किंमत दुप्पट होते. कमाई मात्र सरळ वाढते, कारण प्रत्येक आजी तेवढंच एक बिस्किट घालते. एक चक्रवाढीने पळतंय, दुसरं सरळव्याजाने चालतंय. यातून काय निघतं ते कागदावर मांडेपर्यंत माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

मी रकाना केला तो बिस्किटांचा नाही, वाट बघण्याचा: पुढच्या आजीची किंमत भागिले आत्ताची कमाई. समजा आपल्याकडे फक्त आज्याच आहेत आणि आपण टिचक्या मारत नाही. एक आजी असताना दुसरीसाठी ११५ सेकंद थांबावं लागतं. दोन असताना ६६. पाच असताना ४०. सात असताना ३८. म्हणजे वस्तू महागत असूनही वाट बघणं कमी होतंय! हाच सुरुवातीचा गोडवा. आपण धावायला लागलो आहोत असं वाटतं आणि ते खरंही असतं. सातनंतर मात्र उतार संपून चढ लागतो. वीस आज्यांवर ८२ सेकंद, तीसवर पावणेचार मिनिटं, चाळीसवर अकरा मिनिटं, पन्नासवर छत्तीस, साठवर दोन तास. आकडा आधीपेक्षा कितीतरी वेगाने वाढत असतो आणि तरीही खेळणाऱ्याला तो अडकल्यासारखा वाटतो.

ही भिंत मुद्दाम बांधलेली असते. महागाईचा दर हा भिंत किती लांब ठेवायची ते ठरवणारा खुंटीचा पीळ आहे. ‘अ‍ॅडव्हेंचर कॅपिटलिस्ट’ या दुसऱ्या गाजलेल्या खेळात लिंबू-सरबताचा गाडा खरेदीगणिक सातच टक्क्यांनी महागतो. आजीला तो दर लावला तर पन्नासाव्या आजीनंतरही थांबावं लागेल मिनिटभरच. मग भिंत लागायला शंभरावर खरेद्या कराव्या लागतात, म्हणून असे खेळ दहा-दहा नग एकदम घ्यायचं बटण देतात.

भिंत आली की खेळाने काहीतरी द्यायचं असतं. ते देणं म्हणजे अपग्रेड. पंचवीस आज्या झाल्या की पन्नास हजार बिस्किटांना एक अपग्रेड खुलं होतं आणि सगळ्या आज्या दुप्पट भाजू लागतात. मूळ दराने बघितलं तर तेव्हा पुढच्या आजीसाठी १३२ सेकंद थांबायची वेळ आलेली असते. ती एका फटक्यात ६६वर येते. किंमत दुप्पट व्हायला पाच खरेद्या लागतात, म्हणजे या अपग्रेडने आपल्याला साधारण पाच पायऱ्या मागे, मोकळ्या रस्त्यावर नेऊन सोडलं. वाट बघण्याच्या वेळाचा आलेख काढला तर तो करवतीच्या पात्यासारखा दिसतो: चढतो, कोसळतो, पुन्हा चढतो. समाधान त्या कोसळण्यात आहे. सव्वीसाव्या आजीने कमाई चार टक्क्यांनी वाढते, ती जाणवतही नाही. दुपटीचं अपग्रेड घेतल्यावर मात्र आकड्याची चाल डोळ्यांना दिसते.

आता भाच्याच्या चहाकडे येऊ. त्याचा स्टोव्ह १०० कपांना आणि सेकंदाला एक कप देणारा. टपरी हजाराला, देते दहा. हॉटेल दहा हजारांना, देतं शंभर. किंमत दहापट, कमाई दहापट, कसं नीटनेटकं. “हे न्याय्य आहे ना?” असं त्याचं म्हणणं. न्याय्य आहेच, आणि दुखणंही तेच आहे. प्रत्येक पायरीच्या पहिल्या नगाची किंमत बरोबर शंभर सेकंदांत वसूल होते. मी आठ स्टोव्ह घेतले, आठ टपऱ्या घेतल्या, आठ हॉटेलं घेतली आणि घड्याळ लावलं. दर पायरीला सहा-सात मिनिटं. पुन्हा सहा-सात. चौथ्या पायरीला माझ्या ध्यानात आलं की मी तोच खेळ परत खेळते आहे, फक्त उजवीकडे एक शून्य वाढलंय. सगळ्या किमती आणि सगळ्या कमाया हजाराने गुणल्या तर वाट बघण्याचा एक सेकंदही बदलत नाही, आणि हे खेळणाऱ्याला गणित न करता कळतं. त्याची करवत होती, पण तिचे सगळे दाते एका मापाचे.

कुकी क्लिकरमध्ये काय केलंय बघा. आजी १०० बिस्किटांना एक देते, शेत १,१०० ला आठ, खाण १२,००० ला ४७, कारखाना १,३०,००० ला २६०, बँक १४ लाखांना १,४००. किंमत दर पायरीला साधारण अकरापट, कमाई मात्र आठपटीने सुरू होऊन पुढे साडेपाच-सहापट. म्हणून वसुलीचा काळ लांबत जातो: आजी १०० सेकंद, शेत १३७, खाण २५५, कारखाना ५००, बँक हजार. कागदावर प्रत्येक नवी वस्तू जुनीपेक्षा वाईट सौदा आहे. पण पंधरा टक्क्यांच्या महागाईने जुनी वस्तू आपोआप त्याहून वाईट होत जाते. चौथी आजी १५२ला पडते, तेव्हा शेत परवडायला लागतं. आठवी आजी खाणीपेक्षा महाग वसूल होते. म्हणजे दर वेळी ‘आणखी एक आजी की शेतासाठी थांबू?’ हा खराखुरा प्रश्न उभा राहतो आणि त्याचं उत्तर दर मिनिटाला बदलतं. शिवाय दर टप्प्याची लय वेगळी. सुरुवात मिनिटांची, मग पाव तासांची, मग रात्र उलटून सकाळी बघायची.

तरी एक अडचण उरतेच. बँका आल्यावर आजीचं ते सेकंदाला एक बिस्किट कोणाला हवं? मांत्रिकाचा एक मनोरा चव्वेचाळीस हजार देतो. म्हातारी अडगळीत जाते. इथे ऑर्टेलने जे केलं ते मला या खेळातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं. पंधरा शेतं झाली की ‘शेतकरी आजी’ हे अपग्रेड खुलं होतं. त्याने आज्या दुप्पट भाजतात ते वेगळंच, पण शेतांचं उत्पन्न दर आजीमागे एक टक्का वाढतं. पन्नास आज्या असतील तर सगळी शेतं दीडपट पिकतात. खाणींसाठी दर दोन आज्यांमागे एक टक्का, कारखान्यांसाठी दर तिघींमागे, असं पुढेही. आता आजीची किंमत तिच्या बिस्किटांवरून ठरत नाही, ती ज्यांच्यात राबते त्यांच्या उत्पन्नावरून ठरते. शेतं वाढली की तीही आपोआप वाढते. ठरावीक आकड्याचं बक्षीस काही मिनिटांत शिळं होतं, टक्क्यांतलं कधी होत नाही. (घरोघरच्या आज्यांचा हिशेबही असाच असावा, पण तो तक्ता मी मांडलेला नाही.)

भाच्याने कमाईची दहापट सहापटीवर आणली, किमती अकरापट केल्या, आणि स्टोव्हला हॉटेलांच्या उत्पन्नात दरामागे एक टक्का दिला. नंतर त्याने अतिउत्साहात हाच एक टक्का बाराही पायऱ्यांना एकमेकींत लावला. तेव्हा टक्के टक्क्यांना गुणायला लागले आणि दुसऱ्या दिवशी वाट बघण्याचा रकाना सगळा शून्य. काहीही कधीही घेता येत होतं. भिंतच नाही, मग कोसळणार काय? निम्म्याहून जास्त जोड्या तोडाव्या लागल्या.

अजून एक गंमत त्याच्या पहिल्या आवृत्तीतच निघाली होती. खेळ रात्रभर चालू ठेवला होता. सकाळी त्याचा मित्र टिचक्या मारतोय आणि आकडा ढिम्म. दोघांनी बटण बिघडलं म्हणून तासभर शोधाशोध केली. बटण ठीक होतं. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट पूर्णांक बिनचूक मोजते ते ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२पर्यंत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तल्या नावांनी वाचायचं तर नऊ अंत्य आणि वर थोडे. त्यापुढे या संख्येत एक मिळवला तरी उत्तर तेच येतं. परार्ध अजून पुढेच होता आणि एका टिचकीचा एक कप यंत्रालाही मोजण्यालायक वाटेनासा झाला होता.

कुकी क्लिकरमध्ये यावरही उपाय आहे. माउसची अपग्रेड मिळतात आणि प्रत्येकाने टिचकीला सेकंदाच्या कमाईचा एक टक्का जोडला जातो. भाच्याने ते उचललं. परवा त्याच्याकडे गेले तर माझ्या एका टिचकीला साडेतीन लाख कप पडत होते. तरी हॉटेलासाठी अजून चार मिनिटं थांबायचं होतं, म्हणून मी बसले.