आधीच कळलेली महागाई

महागाई थोडी वाढू दिली तर बेकारी कमी होते, असं 1960 च्या दशकात अमेरिकेतले बरेच अर्थतज्ज्ञ मानत. समजा, मजुरीचे करार 4 टक्के महागाई धरून झाले आणि भाव वाढले 8 टक्क्यांनी. मालाला जास्त पैसे मिळतात, मजुरी मात्र ठरलेलीच. कारखानदार जादा माणसं लावतो, उत्पादन वाढतं. हे सगळं घडतं ते कामगारांचा अंदाज चुकला म्हणून.

हिशेबासाठी धरू, की अंदाज बरोबर असताना उत्पादन 100 असतं आणि अंदाजापेक्षा महागाई एक टक्का जास्त निघाली की ते 0.5 ने वाढतं. मध्यवर्ती बँकेने महागाई 4 वरून 8 टक्क्यांवर नेली आणि तिथेच ठेवली. लोक मागच्या अनुभवावरून शिकत असतील, म्हणजे दरवर्षी आपली निम्मी चूक दुरुस्त करत असतील, तर त्यांचा अंदाज 4, 6, 7 असा सरकतो आणि उत्पादन 102, 101, 100.5 असं उतरत जातं. ते 102 वर टिकवायचं तर महागाई 8, मग 10, मग 12 टक्के अशी चढवत न्यावी लागेल. या अनुकूली अपेक्षा.

पण बँकेचं धोरण जाहीर असताना लोक फक्त मागेच का बघतील? जॉन म्यूथ यांनी 1961 मध्ये विवेकी अपेक्षांची कल्पना मांडली : लोक हाताशी असलेली सगळी माहिती वापरतात. चुका त्यांच्याही होतात, पण तीच चूक त्याच दिशेने पुन्हा पुन्हा होत नाही. आपल्या उदाहरणात घोषणेवर विश्वास बसला, तर पहिल्याच करारात 8 टक्के धरले जातात. अंदाज 8, महागाई 8, उत्पादन 100. भाव तेवढे वाढले, काम वाढलंच नाही. रॉबर्ट लुकास यांच्या मांडणीवरून थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस यांनी 1970 च्या दशकात हाच निष्कर्ष काढला. ‘बेकारी वाढली की पैसा वाढवू’ हा नियमसुद्धा, लोकांना ठाऊक असेल तर, निष्प्रभ ठरतो.

मला या युक्तिवादातली कच्ची जागा करारांत दिसते. स्टॅनली फिशर यांनी 1977 मध्ये तीच दाखवली. निम्मे करार घोषणेआधीच दोन वर्षांसाठी झाले असतील, तर सरासरी अंदाज 6 राहतो आणि उत्पादन 101 होतं. बातमी सगळ्यांना कळलेली असते, पण निम्म्यांचे हात बांधलेले असतात.

उलट दिशेचा हिशेब अमेरिकेने 1979 नंतर सोसला. पॉल व्होल्कर यांच्या फेडरल रिझर्व्हने महागाई उतरवायचं जाहीर केलं. 1980 मध्ये सुमारे 13.5 टक्के असलेली महागाई 1983 पर्यंत 3.2 टक्क्यांवर आली, पण 1982 च्या अखेरीस बेकारी 10.8 टक्क्यांवर पोचली होती. लोकांचा अंदाज 8 आणि प्रत्यक्षात महागाई 4, तर आपल्या सूत्राने उत्पादन 98 होतं. ही तूट घोषणेवर विश्वास न बसल्यामुळे किती आणि जुन्या करारांमुळे किती, यावर अर्थतज्ज्ञांचं अजून एकमत नाही.