द्राक्षांचे कागद रशियन भाषेत

निफाड तालुक्यातील बिनबियांची द्राक्षे रशियास पाठवावयाची असता पेट्यांबरोबर कागदांचा एक जुडगाही जातो. त्यांतील प्रमुख कागद म्हणजे वनस्पति-आरोग्याचा दाखला होय. त्याचा नमुना १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिसंरक्षण करारास जोडलेला आहे. मालाची तपासणी करून अधिकृत अधिकारी तो देतो. रशियन अनुवाद ह्या दाखल्यासोबत जातो. त्याची जागा तो घेत नाही. म्हणून मुळात चूक आढळली, तरी अनुवादकाने ती आपल्या हाताने सुधारावयाची नसते. दाखला देणाऱ्या कचेरीस ती कळवावयाची असते.

मालाचे वर्णन समजा असे आहे : ‘ताजी द्राक्षे, थॉम्प्सन सीडलेस, वर्ग १’. ओळ लहान आहे, पण तिच्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा नावाचा. अशा बिनबियांच्या द्राक्षांस रशियन माणूस ‘किश्मिश’ म्हणतो. सुकविलेल्या मनुकांसही तोच शब्द चालतो. मराठी वाचकास तर किसमिस म्हणजे सुकी द्राक्षेच वाटतात. जकातीच्या आंतरराष्ट्रीय सूचीत ताज्या द्राक्षांचा क्रमांक ०८०६.१० आणि सुक्यांचा ०८०६.२० आहे. तेव्हा ‘विनोग्राद स्वेझी’, म्हणजे ताजी द्राक्षे, असेच लिहावे आणि व्हायटिस विनिफेरा हे शास्त्रीय नाव लॅटिनमध्ये जसेच्या तसे ठेवावे. ‘विनोग्राद’ हा शब्द वेलीसही लागू पडतो. म्हणून ‘ताजी’ हे विशेषण गाळता येत नाही.

दुसरा खड्डा अधिक फसवा आहे. रशियन ‘सोर्त’ म्हणजे वाण, आणि ‘सोर्त’ म्हणजे प्रतही. एकाच ओळीत दोन्ही अर्थांनी हा शब्द आला, की वाचणारा अडखळतो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या प्रमाणकांत वर्गांची रशियन नावे ‘विस्शी’, ‘पेर्वी’ आणि ‘व्तोरोय सोर्त’ अशी आहेत. वाणासाठी ‘राझ्नोविद्नोस्त’ वापरले, की गोंधळ टळतो. येथे आपल्याकडील सवय नडते. ‘फर्स्ट क्लास’ म्हणजे सर्वोत्तम, असे आपण मानतो. परंतु द्राक्षांत सर्वोत्तम प्रत ‘एक्स्ट्रा’, आणि वर्ग १ तिच्या खालचा. त्यास ‘विस्शी’ लिहिले, तर माल कागदावर एक पायरी वर चढतो. एक्स्ट्रामध्ये वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंतच माल त्या वर्गास न उतरणारा चालतो, वर्ग १ मध्ये १० टक्क्यांपर्यंत. एरवी निर्दोष असलेली ८ टक्क्यांची खेप केवळ अनुवादामुळे दोषी ठरावी, हे विचित्रच!

तिसरा खड्डा ‘करांतिन’ ह्या शब्दापाशी. रशियाच्या २०१४ च्या वनस्पति-विलगवास कायद्यात ‘करांतिन्नी ओब्येक्त’ म्हणजे देशात येऊ द्यावयाची नाही अशी कीड वा रोगजंतू. तपासणीस पात्र मालास ‘पोद्करांतिन्नाया प्रोदुक्त्सिया’ म्हणतात. शब्दशः अनुवाद करणारा द्राक्षांनाच ‘करांतिन्नी ओब्येक्त’ म्हणून बसला, तर पेटीतील फळच कीड ठरते.

अनुवाद झाल्यावर दुसऱ्या माणसाने रशियन मजकूर मोठ्याने वाचावा आणि पहिल्याने मूळ दाखला, बीजक व पेट्यांची यादी ह्यांवर बोट ठेवून पेट्या, निव्वळ वजन व प्रत पडताळावी. तिन्ही कागदांत प्रतीचा शब्द एकच आला नसेल, तर सही होण्यापूर्वीच चूक सापडते.