उभी फळी, आडवी फळी

गेवराईकडच्या एका गावातल्या मिस्त्रीनं दुकानासाठी सहा फुटांचा गाळा सोडला आणि वर लिंटल टाकलं: भिंतीइतकंच नऊ इंच रुंद, खोली मात्र तीनच इंच. वर्षभरात शटर अडकायला लागलं. दोन टोकांना दोरी ताणली तर मधोमध पोट खाली आलेलं, आणि तळाला बारीक उभ्या चिरा. भार पेलत नसल्याची खूण हीच. चीर आधी तळाला, मध्यभागी दिसते.

मिस्त्रीनं ठरवलं, नवं लिंटल अठरा इंच रुंद करायचं, बाहेर छज्ज्यासारखं काढायचं. शेजारच्या सुतारमामांनी त्याला थांबवलं. चार इंच रुंद, एक इंच जाड फळी सहा फुटांच्या अंतरावर दोन विटांवर आडवी ठेवली आणि मधोमध वाळूचं घमेलं टांगलं, वीसेक किलोचं. फळी जवळजवळ पाऊण इंच वाकली. ‘‘आता हीच उभी धरू, मिस्त्री.’’ दोन्ही टोकांना पाचर मारून फळी उभी बसवली, तेच घमेलं टांगलं. वाकणं जेमतेम मिलिमीटरभर. हिशेबानं ते सोळापट कमी भरतं.

असं का होतं? वाकताना वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि मधला थर जवळपास जसाच्या तसा राहतो. म्हणजे काम करतात ते मध्यापासून लांबचे थर. खोली दुप्पट केली की हे थर दुप्पट लांब जातात. तेवढ्याच वाकण्यात ते दुप्पट ताणले जातात, आणि दुप्पट अंतरावरून ओढत असल्यानं त्यांची पकडही दुप्पट. शिवाय मालही दुप्पट. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणून वाकणं आठपट कमी. रुंदी दुप्पट केली तर फक्त माल वाढतो, वाकणं निम्मंच होतं. मिस्त्रीच्या अठरा बाय तीनला आणि नऊ बाय सहाला काँक्रीट सारखंच लागलं असतं. पण दुसरं चारपट कमी वाकतं. उभी फळी आडवीपेक्षा जास्त वजन का पेलते, हे गॅलिलिओनं 1638च्या ग्रंथात मांडलं होतं.

काँक्रीटला मात्र ताण सोसत नाही. तो सळईनं घ्यायचा, म्हणून मुख्य सळया तळाशी हव्यात. खाली इंचभर काँक्रीटचं आवरण ठेवून. सळई मध्यावर चढली तर खोली वाढवूनही फायदा बराचसा वाया जातो, कारण मधला थर ताणलाच जात नाही. दगडाचंही तेच. तोही ताणाला कच्चा, आणि त्यात सळई नाही. म्हणून बीडच्या कंकालेश्वरासारख्या जुन्या दगडी मंदिरांत खांब जवळजवळ असतात आणि त्यांच्यावरच्या तुळया जाडजूड.

मिस्त्रीनं शेवटी नऊ बाय सहाचं लिंटल टाकलं, दोन्ही बाजूंना भिंतीत सहा-सहा इंच बसवलेलं. तुमच्या घराचं काम चालू असेल, तर लिंटलचं काँक्रीट ओतण्याआधी सेंट्रिंगवर जाऊन दोन गोष्टी बघा: खोली किती, आणि सळई तळाशी आहे का.