गिरणीचा पत्ता सापडतो, पण मिरची कांडून मिळते का?

मागच्या वेळी आपण गूगलच्या नकाशावर गटाच्या दुकानाची नोंद कशी करायची ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणींनी एकच तक्रार केली. नाव दिसतं, फोन दिसतो, पण नवीन गिऱ्हाईक काही येत नाही. आज त्यावर बोलू, आणि उदाहरण आमच्याच गटाच्या गिरणीचं घेऊ.

सातारा जिल्ह्यात आमच्या बचत गटाची पिठाची गिरणी आहे आणि शेजारी मिरची कांडपाचं यंत्र. गूगलवर नोंद केली तेव्हा आम्ही नाव, पत्ता, वेळ आणि प्रकार म्हणून ‘पिठाची गिरणी’ एवढंच भरलं. आता मार्च-एप्रिलमध्ये तिखटाच्या घाईतली बाई मोबाईलवर काय लिहिते? ‘पिठाची गिरणी’ नाही लिहीत. ती ‘मिरची कांडप’ लिहिते, किंवा इंग्रजी अक्षरांत `mirchi kandap`. आमच्या नोंदीत कांडप हा शब्दच कुठे नव्हता. मग आम्ही कांडप करतो हे गूगलला तरी कसं कळणार?

ही उणीव भरून काढायला दोन जागा होत्या. एक पोस्ट, दुसरी प्रश्नोत्तरं.

पोस्ट म्हणजे नोंदीखाली आपण स्वतः टाकलेली सूचना. ज्या खात्यावरून नोंद पडताळून घेतली, त्याच खात्यावरून गूगलमध्ये आपल्या दुकानाचं नाव शोधायचं. वर बटणं येतात, त्यातलं `Add update` दाबायचं. दीड हजार अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण वाचणाऱ्याला आधी सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात. आमची पहिली पोस्ट होती, ‘सर्व ग्राहकांना गुढीपाडव्याच्या हार्दिक शुभेच्छा’, वर फुलांचं चित्र. छान दिसत होती, पण मिरचीबद्दल तिच्यात अक्षर नव्हतं. मग दुसरी लिहिली:

‘मिरची कांडप सुरू. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी कांडून मिळेल, कमीत कमी 1 किलो. मिरची देठ काढून, कडक वाळवून आणावी. सकाळी 10 पर्यंत दिल्यास संध्याकाळी मिळेल. कांदा-लसूण मसालाही कांडून देतो. रविवारी कांडप बंद.’

सोबत फोटो आमच्याच यंत्राचा. पाहणाऱ्या बाईला फुलांपेक्षा ते यंत्र पाहून जास्त भरवसा वाटतो. मजकुरात फोन नंबर घालू नका, त्यामुळे पोस्ट नाकारली जाऊ शकते. नंबरासाठी कॉलचं बटण वेगळं जोडता येतं. साधी पोस्ट सहा महिन्यांनी मागे पडते, म्हणून आम्ही हंगामाप्रमाणे नवी टाकतो. उन्हाळ्यात कांडप, श्रावणाआधी उपवासाची भाजणी, दिवाळीआधी चकलीची भाजणी.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. पोस्ट टाकली म्हणून आपलं दुकान यादीत सगळ्यांच्या वर जात नाही. शोधलेल्या शब्दाशी दुकान किती जुळतं, ते किती जवळ आहे आणि किती जाणतं आहे, यावर गूगल क्रम लावतं. पोस्ट उपयोगी पडते ती जुळण्यासाठी. कधीकधी आपल्या नावाखाली पोस्टमधलीच ओळ दिसते, आणि ‘इथे कांडप आहे’ हे बाईला तिथल्या तिथे कळतं. या लोभापायी काही दुकानदार नावातच ‘मिरची कांडप मसाला भाजणी’ अशी माळ लावतात. तसं करू नका. पाटीवर जे नाव आहे तेच नोंदीत हवं, नाहीतर नोंद बंद पडू शकते.

आता प्रश्नोत्तरं. या जागी कोणीही प्रश्न विचारू शकत होतं आणि उत्तरही कोणीही देऊ शकत होतं. आमची फसगत तिथेच झाली. कुणीतरी विचारलं होतं, ‘रविवारी चालू असते का?’ आमचं लक्ष नव्हतं. कुणा अनोळखी माणसाने उत्तर दिलं, ‘हो, चालू असते.’ गिरणी दुपारपर्यंत चालू असतेच, त्यामुळे त्याचंही फार चुकलं नाही. पण एक मावशी 5 किलो मिरची घेऊन रविवारी एसटीने आल्या, आणि कांडप बंद! त्या दारात तशाच उभ्या राहिल्या. आम्हाला काय बोलावं ते सुचेना.

त्या दिवसापासून गिरणीच्या गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. गिऱ्हाईक जो प्रश्न विचारेल तो त्याच्याच शब्दांत वहीत लिहायचा. दोन आठवड्यांत लक्षात आलं की तेच पाच-सहा प्रश्न फिरून फिरून येतात. ते आम्ही मालक म्हणून स्वतःच विचारले आणि स्वतःच उत्तरं दिली. तशी मुभा होती. उत्तर मालकाचं असलं की तसं खाली दिसायचंही.

त्यातला एक प्रश्न अवघड होता. ‘ज्वारीचं दळण गव्हापासून वेगळं मिळेल का?’ एका ताईंच्या मुलाला डॉक्टरांनी गहू पूर्ण बंद केलेला. आमच्यातल्या काही जणींचं म्हणणं, ‘हो’ लिहून टाकू, जातं झाडून घेऊ. पण जात्याच्या दगडात आधीचं पीठ थोडं राहतंच, कितीही झाडलं तरी. शेवटी आम्ही लिहिलं, ‘ज्वारी आणि गहू एकाच जात्यावर दळतो. गहू वर्ज्य असलेल्यांनी आमच्याकडे दळू नये.’ चार गिऱ्हाइकं गेली असतील. पण त्या मुलाच्या पोटात गहू गेला असता तर?

आणि आता महत्त्वाचं. 2025 च्या अखेरीस गूगलने हा प्रश्नोत्तरांचा विभागच काढून घ्यायला सुरुवात केली. तुमच्या नोंदीवर तो दिसत नसेल तर चूक तुमची नाही. ज्यांनी उत्तरं फक्त तिथेच लिहिली होती त्यांची मेहनत गेली. आमची वही होती म्हणून वाचलो. तीच उत्तरं आम्ही दुसरीकडे नेली. कांडप, भाजणी, मसाला हे सेवांच्या यादीत घातलं. गव्हाबद्दलचा इशारा दुकानाच्या वर्णनात लिहिला. वर्णनाला 750 अक्षरांची मर्यादा आहे, तेवढी पुरते. बाकीचं पोस्टमध्ये, एका पोस्टमध्ये एकच प्रश्न. कुणी रिव्ह्यू लिहिला तर उत्तरात नुसतं ‘धन्यवाद’ न म्हणता, ‘तुमची संकेश्वरी चांगली वाळलेली होती म्हणून तिखट बारीक आलं’ असं लिहितो. खरं असेल तरच.

याचा फरक पडतो का, हे पाहायला `Performance` दाबा. लोकांनी कोणते शब्द लिहून आपल्याला शोधलं, त्याची महिन्याची यादी तिथे मिळते. एखादा शब्द 15 पेक्षा कमी वेळा आला असेल तर नेमका आकडा न देता `<15` दाखवतात. लहान गावात बहुतेक शब्दांपुढे तेच असतं, त्याने खट्टू होऊ नका. आधी आमच्या यादीत फक्त गिरणीचं नाव आणि ‘flour mill’ होतं. उन्हाळ्यात तिथे `mirchi kandap` दिसलं. पुढच्या महिन्यात ‘भाजणी दळून’ असंही आलं, जे आम्ही तोवर कुठेच लिहिलं नव्हतं. ते शब्द आम्ही वहीत उतरवले आणि श्रावणाची पोस्ट त्यांच्यावरूनच लिहिली.