कापले गेले, पण पोचले का?

बँकेचा सर्व्हर दहा मिनिटे बंद पडला की तो सुरू झाल्यावरच खरे काम सुरू होते. समजा, त्या वेळी कोणी यूपीआयने भावाला ५०० रुपये पाठवले. खात्यातून पैसे वजा झाले, पण भावाच्या बँकेचे उत्तर आलेच नाही.

उत्तर आले नाही म्हणजे व्यवहार फसला, असे मुळीच नाही. पैसे जमा होऊन फक्त पोच हरवलेली असू शकते. म्हणून तपासणारे आधी काहीच पुन्हा पाठवत नाहीत. पाठवणारी बँक, एनपीसीआय आणि घेणारी बँक यांच्या नोंदी ते १२ आकडी संदर्भ क्रमांकाने जुळवतात. वजा आहे, जमा नाही, तर व्यवहार अर्धवट. एकाच क्रमांकावर दोनदा जमा, तर दुबार. विनंती निघाली, पण पुढे कुठेच नोंद नाही, तर ती हरवली.

रकमेवरून जुळवणी करणे धोक्याचे, कारण एकाच माणसाने खरोखरच दोनदा ५०० पाठवलेले असू शकतात.

व्यक्तीला पाठवलेले पैसे अडकले, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत मिळायला हवेत. त्यानंतर दररोज १०० रुपये भरपाई. तक्रार करताना तो १२ आकडी क्रमांक जरूर द्या.